सिम टाकलं, दिवा लागला, तरी नेट नाही: राउटर आणि ट्रॅकरमध्ये सिम बसवताना

मोबाइलमध्ये नवं सिम टाकलं की थोड्या वेळात नेट चालू होतं. सिम कोणत्या कंपनीचं आहे हे फोन ओळखतो आणि लागणारी माहिती स्वतःच भरून घेतो. घरच्या ४जी राउटरमध्ये हे काम कधी होतं, कधी अर्धवट होतं. गाडीला लावायच्या जीपीएस ट्रॅकरमध्ये ते बहुतेक वेळा होतच नाही, सगळं आपल्यालाच सांगावं लागतं. म्हणून सिग्नलच्या काड्या पूर्ण, दिवा हिरवा, पण नेट मात्र नाही, अशी तक्रार इतक्या वेळा ऐकू येते.

सिमपासून नेटपर्यंत चार टप्पे असतात, आणि ते ओळीनेच पार पडतात. आधी यंत्राला सिम दिसलं पाहिजे. मग टॉवरने त्याची नोंद घेतली पाहिजे, म्हणजेच काड्या आल्या पाहिजेत. त्यानंतर डेटाची जोडणी व्हायला हवी, आणि त्यासाठी एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटाच्या जाळ्यात शिरायच्या दाराचं नाव, बरोबर लागतं. शेवटी सिमच्या पॅकमध्ये डेटा शिल्लक हवा आणि पलीकडच्या सर्व्हरने उत्तर द्यायला हवं. काड्या दिसतात याचा अर्थ फक्त दुसरा टप्पा पार झाला, एवढाच. हा क्रम लक्षात ठेवला तर नेमकं कुठे अडलंय ते शोधायला वेळ लागत नाही. पुढे राउटर आणि ट्रॅकर दोन्ही याच क्रमाने पाहू.

यंत्र आणि सिम यांची जोडी जुळते का

जिओचं जाळं सुरुवातीपासून फक्त ४जीचं, आणि आता ५जीचं. त्यांच्याकडे २जी नाही, ३जीही नाही. बाजारात मिळणारे स्वस्त ट्रॅकर मात्र आजही बऱ्याचदा २जीचे असतात. खोक्यावर नुसतं ‘जीएसएम/जीपीआरएस’ लिहिलं असेल आणि एलटीईचा, म्हणजे ४जीचा, उल्लेख नसेल, तर त्यात जिओचं सिम कधीच चालणार नाही. पहिला टप्पा पार होईल, दुसऱ्यावर कायमचं अडकेल. अशा ट्रॅकरला एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घ्या. नवा ट्रॅकर घेणार असाल तर थोडे जास्त पैसे देऊन ४जीचाच घ्या. २जी किती वर्षं टिकेल यावर गाडीची राखण सोपवू नये.

राउटरच्या बाबतीत बँड, म्हणजे सिग्नल ज्या लहरींच्या पट्ट्यांवर येतो ते, पाहावे लागतात. जिओ ४जीसाठी बँड ३, ५ आणि ४० वापरतं. एअरटेल मुख्यतः १, ३, ८ आणि ४०, तर व्हीआय १, ३, ८ आणि ४१. बीएसएनएलच्या ४जीचा मोठा भाग बँड २८ आणि १ वर आहे. भारतात विकायला आणलेल्या राउटरमध्ये यांतले बहुतेक असतात. अडचण येते ती परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या राउटरची. अमेरिकेसाठी बनवलेल्या राउटरमध्ये २, ४, १२, १३, ६६ हे बँड असतात आणि त्यांचा इथे उपयोग नाही. बँड ५ तेवढा दोन्हीकडे चालतो, म्हणून अशा राउटरवर जिओ कधी लागतं, कधी लागत नाही. युरोपातल्या राउटरमध्ये निदान १, ३ आणि ८ तरी असतात, तो इथे बरा चालतो.

मोबाइल कंपनीच्याच नावाने विकलेलं जुनं हॉटस्पॉटचं डबडं घरात पडलं असेल तर ते बहुधा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेलं असतं. दुसरं सिम टाकल्यावर पडद्यावर `Invalid SIM` किंवा `SIM Lock` असं आलं तर सिम ठीक आहे, डबडं कुलूपबंद आहे.

सिम आधी फोनमध्ये घाला

ही पायरी लोक टाळतात आणि नंतर तासन्‌तास घालवतात. राउटरमध्ये किंवा ट्रॅकरमध्ये सिम गेलं की त्याच्यावर काय चाललंय ते नीट दिसत नाही, म्हणून जे करायचं ते फोनमध्ये असतानाच करून घ्यावं.

सिम चालू झालंय याची खात्री फोन लावून, मेसेज पाठवून आणि एखादं पान उघडून करा. सिम हरवल्यामुळे किंवा आकार बदलण्यासाठी त्याच नंबरचं नवं सिम घेतलं असेल, तर पहिले २४ तास त्यावर मेसेज येणं-जाणं बंद असतं. फसवणूक टाळण्यासाठी केलेला हा नियम आहे. ट्रॅकर मेसेजवरच चालवायचा असतो, त्यामुळे तो एक दिवस थांबा.

फोनच्या सिम सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमचा पिन बंद करा. राउटरला पिन भरायची सोय असते, पण बहुतेक ट्रॅकरना नसते, आणि पिन लागलेलं सिम त्यांच्या लेखी नसल्यासारखंच. पिन आठवत नसेल तर अंदाजाने भरत बसू नका. तीनदा चुकला की पीयूके हा कुलूप उघडायचा कोड मागतात, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद होतं.

आता एपीएन. फोनच्या मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Access Point Names` उघडा, निवडलेल्या नोंदीवर बोट ठेवा आणि `APN` या ओळीत जे आहे ते अक्षर न अक्षर उतरवून घ्या, किंवा पडद्याचा फोटो काढा. यादीत `ims` नावाची दुसरी नोंद दिसेल, ती कॉलसाठी असते, तिला हात लावू नका. सर्वसाधारणपणे दिसणारी नावं अशी:

```
Jio     jionet
Airtel  airtelgprs.com
Vi      www
BSNL    bsnlnet
```

जुन्या आयडियाच्या सिमवर `internet` असंही आढळतं. बीएसएनएलचं सिम दक्षिणेकडच्या राज्यातलं असेल तर `bsnlsouth` असू शकतं. वरचा तक्ता आणि तुमचा फोन यांत फरक दिसला तर फोनवरचं खरं माना. नाव आणि पासवर्डच्या जागा या चारही ठिकाणी रिकाम्या असतात.

शेवटचं काम म्हणजे त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये हा नंबर ओटीपीने जोडून ठेवणं. एकदा सिम गाडीच्या डॅशबोर्डमागे गेलं की ओटीपी तिथेच येत राहतो आणि पॅक कधी संपतोय ते बघायलाही मार्ग उरत नाही. हे सिम आपल्या नावावरच घ्यावं. एका नावावर ९ सिमची मर्यादा असते आणि राउटर-ट्रॅकरमधली सिमंही त्यातच मोजली जातात.

राउटर: जोडणी आणि एपीएन

राउटर बंद असतानाच सिम घाला. चालू राउटरमध्ये घातलेलं सिम अनेकदा दिसतच नाही आणि मग माणूस सिमलाच दोष देतो. राउटरच्या खाचेचा आकार बघा. १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो सिम मोठ्या खाचेत बसवायला प्लास्टिकची चौकट मिळते, पण ती चौकट बाहेर काढताना आतल्या पितळी टोकांना अडकते आणि टोकं वाकतात. त्यापेक्षा कंपनीच्या दुकानातून योग्य आकाराचं सिम घेतलेलं बरं. चौकट वापरायचीच असेल तर सिम मागून चिकटपट्टीने पक्कं करा, म्हणजे काढताना ते चौकटीतून निसटणार नाही.

राउटर चालू करा, दोन मिनिटं थांबा, आणि त्याच्या तळाशी लिहिलेल्या वायफायला फोन जोडा. या वेळी फोनचा स्वतःचा मोबाइल डेटा बंद ठेवा. नाहीतर वायफायवर नेट नाही हे पाहून फोन गुपचूप आपल्याच डेटावर जातो, आणि राउटरचं पान उघडतच नाही. ब्राउझरमध्ये तळाच्या स्टिकरवरचा पत्ता टाका. टीपी-लिंकचा बहुधा `192.168.1.1`, हुवावेचा `192.168.8.1`.

आत आल्यावर `Network` किंवा `Internet` या भागात मोबाइल नेटवर्कचं प्रोफाइल असतं. राउटरने आपोआप काहीतरी निवडलेलं दिसेल. ते चालत असेल तर राहू द्या. चालत नसेल तर कारण साधं असतं: राउटरमधली कंपन्यांची यादी तो कारखान्यातून निघाला तेव्हाची असते. व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या, जुनी सिमं चालूच राहिली, आणि राउटर यादीतली भलतीच नोंद उचलतो. अशा वेळी `Create Profile` करून हे भरा:

```
Profile Name:        Airtel
PDP Type:            IPv4v6
APN Type:            Static
APN:                 airtelgprs.com
Username / Password: (blank)
Authentication:      None
```

साठवल्यावर हे प्रोफाइल निवडायला विसरू नका. नुसतं तयार करून ठेवलं आणि राउटर जुन्यावरच चालत राहिला, ही चूक फार सर्रास होते.

याच पानावर आणखी दोन गोष्टी आहेत. `Network Mode` हा `Auto` ऐवजी `4G Only` करा. `Auto` असला की एअरटेल आणि व्हीआयवर सिग्नल जरा डळमळला की काही राउटर २जीवर घसरतात आणि तिथेच बसून राहतात. काड्या छान दिसतात आणि साधं पान उघडायलाही मिनिटं जातात.

दुसरी गोष्ट `Data Roaming`. मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात मुंबई हे वेगळं मंडळ आहे आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबई त्यातच येतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं मंडळ. ठाण्यात घेतलेलं सिम तुम्ही रत्नागिरीच्या घरच्या राउटरमध्ये टाकलं तर ते परमंडळात गेलं. फोन याकडे काणाडोळा करतो, पण काही राउटर ते रोमिंग समजून डेटा अडवतात. ठाण्यात उत्तम चाललेला राउटर गावी नेल्यावर काड्या दाखवतो आणि नेट देत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं. `Data Roaming` चालू करा. देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

राउटर ठेवायची जागा

एवढं झाल्यावर नेट येतं. ते चांगलं चालेल की नाही हे जागेवर ठरतं, आणि इथे थोडा वेळ घालवण्यासारखं आहे. काड्यांवर विसंबू नका. राउटरच्या `Status` किंवा `Advanced` पानावर दोन आकडे दिसतात. `RSRP` म्हणजे टॉवरचा सिग्नल किती ताकदीने पोचतोय. तो उणे असतो. उणे ८० उत्तम, उणे १०० पर्यंत चालेल, उणे ११० च्या खाली गेला की रडकथा सुरू. `SINR` म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाच्या तुलनेत तो सिग्नल किती. हा आकडा जितका मोठा तितकं चांगलं. १३ च्या पुढे असेल तर समाधान माना, शून्याच्या आसपास असेल तर वेग मिळणार नाही, मग काड्या कितीही दिसोत.

दापोलीकडचं एक घर डोळ्यांसमोर आणा. भिंती जांभ्याच्या, वर पत्रा, आणि टॉवर दीड-दोन किलोमीटरवर, मध्ये आमराई. राउटर माजघरात टीव्हीशेजारी ठेवलाय आणि आकडे आहेत `RSRP` उणे ११२ आणि `SINR` २. जांभ्याची जाड भिंत सिग्नल खाते, आणि पत्र्यातून तर तो येतच नाही. आता लांब वायर लावून राउटर एकेका खिडकीत न्या. प्रत्येक जागी मिनिटभर थांबून दोन्ही आकडे लिहून ठेवा, कारण राउटर हलवल्यावर आकडे स्थिरावायला वेळ लागतो. समजा ओटीच्या खिडकीत उणे ९८ आणि ११ मिळाले, तर मागच्या पडवीत उणे ९५ आणि ४. जागा ओटीची निवडायची. पडवीत ताकद जराशी जास्त आहे, पण तिथे दुसऱ्या टॉवरचा गोंगाट मिसळतोय. ताकदीत फरक थोडा आणि `SINR` मध्ये मोठा असेल, तर `SINR` च्या बाजूने कौल द्या.

मग माजघरात वायफाय पोचत नाही, ही पुढची तक्रार. त्यासाठी राउटर परत आत आणू नका. राउटर ओटीवरच राहू द्या, तिथून लॅनची वायर आत न्या आणि माजघरात साधा वायफाय राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. लॅनची वायर शंभर मीटरपर्यंत काही न गमावता जाते. उलट अँटेनाची बारीक वायर दहा मीटर लांब घेतली तर अँटेनाने मिळवलेलं बहुतेक त्या वायरमध्येच संपतं. छतावर अँटेना लावायचीच असेल तर वायर शक्य तेवढी आखूड ठेवा, आणि राउटरच्या मागे सिमच्या अँटेनाचे पेच खरोखर निघतात का ते आधी बघा. बऱ्याच राउटरवर दिसणारे दांडे नुसते वायफायचे असतात. दुकानात ‘मोबाइल सिग्नल बूस्टर’ दाखवतील. तो घेऊ नका. परवान्याशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, आणि आसपासच्या सगळ्यांचे फोन त्याने बिघडतात.

आकडे चांगले असूनही रात्री आठ ते अकरा वेग पडत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. राउटरमध्ये बँड निवडायची सोय असेल तर एकेक बँड लावून त्याच वेळी वेग तपासा. लांबवर पोचणारा बँड ५ किंवा ८ हा अनेकदा सगळ्यांनी धरलेला असतो, आणि बँड ३ किंवा ४० वर सिग्नल किंचित कमी असला तरी वाट मोकळी असते.

डेटा कुठे जातो, आणि घरचा कॅमेरा बाहेरून का दिसत नाही

राउटरमध्ये रोज २ जीबीचं प्रीपेड सिम टाकलं तर दुपारपर्यंत डेटा संपल्याच्या तक्रारी येतात. पॅक संपल्यावर वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. नेट बंद पडत नाही, मेल्यासारखं होतं, आणि घरातले सगळे राउटर बिघडला म्हणतात. ५जी फोनवर मिळणारा अमर्याद डेटा ४जी राउटरला मिळत नाही, तिथे रोजचा कोटाच चालतो.

कॅमेऱ्याचा हिशेब एकदा करून बघावा. एक कॅमेरा १ एमबीपीएसने सतत चित्र बाहेर पाठवत असेल तर दिवसाला १०.८ जीबी जातात. म्हणून सिमवरच्या घरात चित्रण कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवरच ठेवा, हालचाल झाली की सूचना येऊ द्या, आणि थेट दृश्य हवं तेव्हाच उघडा. कॉम्प्युटरवर आपोआप येणारे अपडेटही थांबवा, किंवा त्या वायफायला `Metered connection` करून ठेवा.

कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी लोक राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करतात, म्हणजे बाहेरून आलेली हाक कॅमेऱ्याकडे वळवतात, आणि ते काही केल्या चालत नाही. `Status` पानावरचा `WAN IP` बघा. तो `10.` ने सुरू होत असेल किंवा `100.64` ते `100.127` च्या दरम्यान असेल, तर तो पत्ता कंपनीच्या आतला आहे. शेकडो ग्राहक बाहेर एकाच पत्त्याने दिसतात आणि बाहेरून आलेली हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. इथे राउटरमध्ये कितीही खटपट करा, उपयोग नाही. कॅमेरा कंपनीच्या क्लाउड अ‍ॅपने बघा, किंवा घरातूनच बाहेर जोडणी उघडणारं व्हीपीएन लावा.

ट्रॅकर: मेसेजवरून सेटिंग

ट्रॅकरला पडदा नाही, वायफायचं पान नाही. त्याच्याशी बोलायचं ते मेसेजवरून. आणि याच कारणाने पॅक निवडताना चूक महागात पडते. २०२५ च्या जानेवारीपासून कंपन्यांनी फक्त कॉल आणि एसएमएसचे स्वस्त पॅक आणले आहेत. ट्रॅकरला ते दिलं तर तो मेसेजला उत्तर देईल, पण नकाशावर कधीच येणार नाही. उलट नुसतं डेटा व्हाउचर मारलं आणि मूळ पॅक संपलेला असला तरी चालत नाही. डेटा आणि एसएमएस दोन्ही असलेला सर्वांत लांब मुदतीचा पॅक घ्या. डेटा किती, हे फारसं बघू नका. दर दहा सेकंदाला जागा कळवणारा ट्रॅकर रोज चार तास धावला तरी महिन्याला जेमतेम १० एमबीच्या आसपास जातो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. कॉनकॉक्सचा जीटी०६एन हा २जी ट्रॅकर आणि त्याच्यासारखी अनेक यंत्रं आपल्याकडे गाड्यांवर आहेत. त्यात एअरटेलचं सिम घातलंय. गाडी उघड्यावर आणा, ट्रॅकरला वीज द्या, आणि स्वतःच्या फोनवरून ट्रॅकरमधल्या नंबरला एकेक मेसेज पाठवा. एकाचं उत्तर आल्यावरच पुढचा.

```
APN,airtelgprs.com#
SERVER,1,gps.example.com,5023,0#
GMT,E,0,0#
TIMER,10,300#
```

पहिल्या ओळीचा अर्थ आता उघड आहे. दुसरीतला १ सांगतो की पुढे नावाचा पत्ता आहे. आकड्यांचा आयपी पत्ता असेल तर तिथे ० लिहायचा. पत्ता आणि पोर्ट तुम्हाला ट्रॅकरच्या अ‍ॅपवाल्याकडून मिळतील. स्वतःचा ट्रॅककार सर्व्हर असेल तर या जातीच्या यंत्राला `5023` पोर्ट लागतो. (तो सर्व्हर सिमवर चालणाऱ्या घरच्या राउटरमागे ठेवता येणार नाही. कारण वरचंच, बाहेरून हाक आत येत नाही.) चौथ्या ओळीत गाडी चालू असताना दर १० सेकंदाला आणि बंद असताना ३०० सेकंदाला जागा कळव, असं सांगितलंय.

तिसरी ओळ वेळेची. कारखान्यातून यंत्र बहुधा चिनी वेळेवर येतं. नकाशावरची वेळ ८ तास पुढे दिसत असेल तर ही ओळ पाठवायची राहिली. साडेपाच तास पुढे दिसत असेल तर ट्रॅकरलाही भारतीय वेळ दिलीय आणि अ‍ॅपही तीच पुन्हा मिळवतंय. दोघांपैकी एकानेच मिळवावी, आणि ते अ‍ॅपवर सोडलेलं बरं. सर्व्हरवाला स्वतःहून `GMT,E,5,30#` पाठवा म्हणत असेल तरच ते पाठवा.

टाइप करताना फोनचा कीबोर्ड दगा देतो. स्वल्पविरामानंतर तो आपोआप मोकळी जागा सोडतो, आणि `APN, airtelgprs.com#` असा मेसेज गेला की ट्रॅकर तो नाकारतो किंवा मोकळ्या जागेसकट एपीएन साठवतो. दुसरा प्रकार फसवा, कारण उत्तर ‘ओके’ येतं. पाठवण्यापूर्वी अक्षर न अक्षर बघा. शेवटचं `#` राहिलं तर काहीच घडत नाही.

सगळं पाठवून झालं की `RESET#` पाठवा, यंत्र पुन्हा चालू होऊ द्या, आणि मग विचारा:

```
STATUS#
```

उत्तरात `GPRS:Link Up` असेल तर चौथा टप्पाही पार झाला. `Link Down` असेल तर आधी पॅक, मग एपीएन, मग सर्व्हरचा पत्ता, या क्रमाने तपासा. सध्या कोणता एपीएन आणि कोणता सर्व्हर साठवलाय ते `GPRSSET#` ने कळतं, आणि मोकळी जागा घुसलेली असेल तर ती तिथेच सापडते. `GPS` च्या पुढे जागा मिळाल्याचं नसेल तर सिमचा काही संबंध नाही. ट्रॅकरला आकाश दिसत नाही, त्याची चपटी बाजू पत्र्याखाली दबली आहे.

मेसेजला उत्तरच नाही, हा तिसरा प्रकार. सिम काढून फोनमध्ये घाला आणि तुमचा मेसेज आलाय का बघा. आला असेल तर ट्रॅकरला सिम दिसत नाही. आला नसेल तर तो बहुधा ट्रॅकरला मिळालाय, पण सिमवर पाठवायला एसएमएस शिल्लक नाहीत. एसएमएस नसतील तर गंमत अशी की हुकूम पाळला जातो आणि उत्तर मात्र येत नाही, म्हणून नकाशाही एकदा उघडून बघा. ४जी ट्रॅकरमध्ये जिओचं सिम असेल तर आणखी एक शक्यता असते. जिओवर कॉल आणि मेसेज व्होल्टीच्या, म्हणजे ४जी डेटाच्याच, मार्गाने जातात. यंत्रात ती सोय नसेल तर डेटा चालतो, पण मेसेज अडकतात. असं यंत्र घेताना त्याचं सेटिंग यूएसबीने किंवा ब्लूटूथ अ‍ॅपने करता येतं का ते विचारा.

दुसऱ्या जातीच्या ट्रॅकरचे हुकूम वेगळे असतात. कोबानच्या टीके१०३ सारख्या यंत्रात पासवर्ड हुकुमालाच चिकटून येतो, `apn123456 airtelgprs.com` असा, आणि इथे मधली मोकळी जागा हवीच. हा `123456` कारखान्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. नंबर माहीत असलेला कोणीही तुमच्या गाडीची जागा विचारू शकतो, आणि इंजिन बंद करणारी रिले जोडली असेल तर गाडीही अडवू शकतो.

टॅक्सी, स्कूल बस यांसारख्या प्रवासी गाड्यांना एआयएस-१४० या सरकारी मानकाप्रमाणे प्रमाणित यंत्र लागतं. त्यात सिम आतच बसवलेलं असतं आणि नंबर १३ आकडी असतो. ते उघडून आपलं सिम टाकायचा प्रयत्न करू नका, यंत्राची मान्यताच जाईल. त्याचं नूतनीकरण ज्याने बसवलं त्याच्याकडूनच करायचं.

पॅक संपण्याच्या दोन दिवस आधीची आठवण फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. ट्रॅकरमधल्या सिमला कंपनी संपल्याचा मेसेज पाठवते खरा, पण तो ट्रॅकरलाच जातो. गावच्या बंद घरातल्या राउटरचंही तसंच. ९० दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही आणि खात्यात किमान २० रुपयेही शिल्लक नसले तर नंबर बंद होऊ शकतो. पावसाळ्याआधी घर बंद करून निघताना तेवढे पैसे मूळ शिलकीत टाकून जा, आणि सिम काढून सोबत घेऊन गेलात तर आणखी बरं.